बिल्डर व्याज भरत होता, म्हणून मी कर्ज पाहिलेच नाही

मी बीड जिल्ह्यात, अंबाजोगाई तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. मुलगा छत्रपती संभाजीनगरात शिकत असल्याने तेथे स्वतःचे घर असावे, या विचाराने फेब्रुवारी २०२३ मध्ये मी शहराच्या बाहेरच्या अंगाला बांधकाम चालू असलेल्या एका प्रकल्पात ३५ लाखांचा फ्लॅट घेतला. भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम, दोन हंगामांच्या सोयाबीनचे पैसे आणि पत्नीचे काही दागिने मिळून ७ लाख रुपये मी स्वतः भरले आणि उरलेल्या २८ लाखांचे कर्ज एका बँकेने मंजूर केले. बिल्डरचे आणि बँकेचे नाव मी येथे देत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे आणि मला जे सांगायचे आहे ते नावावर अवलंबून नाही.

बांधकाम चालू असलेल्या घराचे कर्ज बँक एकदम देत नाही. जसजसे बांधकाम वर चढते तसतसे ती बिल्डरला पैसे सोडते आणि ताबा मिळेपर्यंत, जेवढी रक्कम सोडली तेवढ्यावरचे व्याज दरमहा आपल्याकडून घेते. यालाच प्री-ईएमआय म्हणतात. यात मुद्दल एक रुपयाही फिटत नाही. कोणत्या टप्प्याला किती पैसे मागता येतात, हे करारनाम्यात लिहिलेले असते आणि महाराष्ट्रात त्याचा नमुना घरखरेदीवरच्या रेरा कायद्याच्या नियमांनीच ठरवून दिला आहे. करारनामा झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोते पूर्ण झाल्यावर ४५ टक्क्यांपर्यंत, सर्व स्लॅब झाल्यावर ७० टक्क्यांपर्यंत, आणि त्यापुढे भिंती, आतील गिलावा, जिने, लिफ्टची जागा, बाहेरचा गिलावा असे करत ८५ टक्क्यांपर्यंत. माझ्या करारनाम्यात हाच तक्ता होता आणि तो मी सही करण्यापूर्वी वाचलाही होता, हे कबूल केले पाहिजे.

बिल्डरने सांगितले होते की पहिले दीड वर्ष प्री-ईएमआय तोच भरेल. दर महिन्याच्या पाच तारखेपूर्वी तो ती रक्कम माझ्या खात्यात जमा करणार आणि बँक ती कापून घेणार, असे ठरले. घरभाडे चालू असताना व्याजाचा बोजा पडणार नाही, याचेच मला समाधान वाटले. कर्जाची कागदपत्रे करून देणारा माणूस बिल्डरच्या कार्यालयातच बसत असे. त्याने मंजुरीच्या दिवशी इतर कागदांबरोबर चार अर्ज माझ्यापुढे ठेवले. बँकेने पुढील हप्ता बिल्डरला द्यावा, अशी विनंती त्यांत छापलेली होती. तारीख आणि रक्कम कोरी होती. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, दर वेळी सहीसाठी अंबाजोगाईहून येणार का तुम्ही? पाच-सहा तासांची एसटी, वर शाळेची रजा. काम झाल्याशिवाय बँक पैसे सोडतच नाही, काळजी करू नका." मला ते सोयीचे वाटले आणि मी चारही अर्जांवर सही केली. विद्यार्थ्याने कोऱ्या उत्तरपत्रिकेवर नाव लिहून ती परत केली तर मी त्याला काय म्हटले असते, हा विचार नंतर अनेकदा मनात आला.

एक वर्ष सारे सुरळीत दिसले. पैसे जमा झाल्याचा संदेश येई, लगेच कापल्याचा संदेश येई. जमा आणि वजा सारखे आहे ना, एवढेच मी पाहत होतो. कापली जाणारी रक्कम मार्चमध्ये २,६२५ होती, जूनमध्ये ६,५६३ झाली, सप्टेंबरमध्ये १३,१२५ आणि ऑक्टोबरमध्ये १७,०६३ झाली. खिशातून जात नसल्यामुळे या आकड्यांचा अर्थ काय, हे मी स्वतःला विचारले नाही. एप्रिल २०२४ मध्ये बिल्डरकडून पैसे आले नाहीत आणि १७,०६३ रुपये माझ्या पगारातून गेले. फोन केल्यावर 'पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम देतो' असे उत्तर मिळाले. मे महिन्यातही तेच झाले, तेव्हा सुट्टीत मी साइटवर गेलो.

'ए' विंग सात मजले उभी होती. माझ्या 'बी' विंगचे दोनच स्लॅब टाकून झाले होते. माझा फ्लॅट पाचव्या मजल्यावर, म्हणजे जेथे माझे घर असायला हवे होते तेथे मोकळे आकाश होते.

त्या संध्याकाळी मुलाच्या खोलीवर बसून मी जो हिशेब केला, तो पहिल्याच वर्षी कधीही करता आला असता. महिन्याचे व्याज माहीत असेल आणि दर माहीत असेल, तर बँकेने किती रक्कम सोडली आहे हे उलटे काढता येते. १७,०६३ गुणिले १२, भागिले ९ टक्के, म्हणजे सुमारे २२ लाख ७५ हजार. (दर मध्यंतरी किंचित हलला, पण हिशेबाच्या सोयीसाठी ९ टक्केच धरतो.) त्यात माझे ७ लाख मिळवले की २९ लाख ७५ हजार होतात, आणि हे ३५ लाखांचे बरोबर ८५ टक्के आहेत. बाहेरचा गिलावा झाल्यावर द्यायची रक्कम दोन स्लॅबवर दिली गेली होती. सर्व स्लॅब पूर्ण नसल्यामुळे करारनाम्याप्रमाणे बिल्डरला ४५ टक्क्यांपर्यंतच, म्हणजे १५ लाख ७५ हजारच मागता येत होते आणि त्यात बँकेचा वाटा ८ लाख ७५ हजार होता. १४ लाख रुपये वेळेआधी गेले होते आणि त्यावर महिन्याला १०,५०० रुपये व्याज मी भरत होतो.

मग बिल्डरच्या उदारपणाचाही हिशेब लागला. तेरा महिन्यांत त्याने माझ्या वतीने साधारण १ लाख ४३ हजार रुपये व्याज भरले होते. तेवढ्या खर्चात त्याला माझ्या नावावरचे १४ लाख आगाऊ मिळाले होते आणि ते बहुधा 'ए' विंग पूर्ण करण्यात गेले. व्याज तो भरत होता म्हणूनच मी आकडा पाहत नव्हतो, आणि मी पाहत नव्हतो म्हणूनच पैसे सुटत गेले.

बँकेकडे मी लेखी अर्ज करून चारही हप्त्यांची कागदपत्रे मागितली. आधी शाखेत 'ही अंतर्गत कागदपत्रे आहेत' असे सांगण्यात आले. बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार केल्यावर मात्र प्रती मिळाल्या. त्यांत माझे अर्ज होते, सही माझी आणि तारीख-रक्कम दुसऱ्याच्या अक्षरात. बिल्डरचे मागणीपत्र होते आणि वास्तुविशारदाचा दाखलाही होता. त्यात 'प्रकल्पाचे सर्व स्लॅब पूर्ण झाले आहेत' एवढेच लिहिले होते, कोणत्या विंगचे ते नव्हते. बँकेच्या मूल्यांककाने पाहणी अहवालात लावलेला फोटो 'ए' विंगचा होता. एकही वाक्य सरळ खोटे ठरवता येऊ नये, अशी ती मांडणी होती.

उपयोगी पडली ती राज्याच्या रेरा प्राधिकरणाची, म्हणजे महारेराची, नोंद. बिल्डरला दर तीन महिन्यांनी प्रकल्पाची प्रगती महारेराच्या संकेतस्थळावर भरावी लागते आणि वास्तुविशारदाचा नमुना १ मधील दाखला इमारतनिहाय असतो. त्याच तिमाहीच्या दाखल्यात, त्याच वास्तुविशारदाच्या सहीने, 'बी' विंगच्या सातपैकी दोनच स्लॅबचे काम झाल्याचे नमूद होते. हे दोन कागद शेजारी ठेवल्यावर शाखाधिकाऱ्यांचा सूर बदलला. ही माहिती कोणालाही घरबसल्या पाहता येते. मागणीपत्र आले की त्यात विंगचे नाव आहे का, ते पाहावे आणि मग ही नोंद उघडावी. मी पहिल्या वर्षी एकदाही उघडली नव्हती.

बँकेला मी दोन गोष्टी लिहून दिल्या. यापुढील कोणताही हप्ता माझ्या नव्या, तारीख घातलेल्या सहीशिवाय देऊ नये. आणि रिझर्व्ह बँकेच्या ३ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकानुसार गृहकर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्यांशी निगडित ठेवणे व अपूर्ण प्रकल्पात आगाऊ रक्कम न देणे बँकेवर बंधनकारक असताना हे कसे झाले, याचा खुलासा करावा. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्याने रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली आहे. बिल्डरविरुद्ध महारेराकडे स्वतंत्र तक्रार आहे. करारनाम्यात ताब्याची तारीख डिसेंबर २०२४ होती. रेरा कायद्याच्या कलम १८ नुसार ती उलटल्यावर ग्राहकाला व्याजासह पैसे परत मागता येतात, किंवा घर हवेच असेल तर ताबा मिळेपर्यंतच्या प्रत्येक महिन्याचे व्याज मागता येते. मी दुसरा मार्ग धरला आहे, कारण पैसे परत देण्याइतकी रोकड बिल्डरकडे आहे असे मला वाटत नाही.

या काळात मी व्याज भरणे थांबवले नाही. आमच्याच विंगमधील दोघांनी 'घर नाही तर व्याजही नाही' असे म्हणून थांबवले. राग रास्त होता, पण कर्जाचा करार बँकेशी आहे आणि तो बिल्डरच्या चुकीने सुटत नाही. नव्वद दिवसांहून अधिक थकल्यावर त्यांची खाती थकीत कर्जांत गेली, सिबिल बिघडले, आणि बिल्डरशी भांडण्याऐवजी त्यांचा वेळ बँकेच्या नोटिसांना उत्तरे देण्यात जाऊ लागला. एप्रिल २०२४ पासूनच्या दीड वर्षात मी ३ लाख ७ हजार रुपये भरले आणि कर्ज २२ लाख ७५ हजारच राहिले.

शाळेत एका सहकाऱ्याने धीर दिला की ताब्यापूर्वीचे व्याज आयकरात नंतर पाच समान हप्त्यांत वजा मिळते. ते खरे आहे, पण स्वतः राहायच्या घरासाठी जुन्या करप्रणालीत एकूण मर्यादा वर्षाला २ लाखांची आहे. २८ लाखांवरचे चालू वर्षाचे व्याजच अडीच लाखांच्या घरात जाणार, तेव्हा मागच्या व्याजाला जागा उरतच नाही. नव्या करप्रणालीत तर अशा घराच्या व्याजाची वजावटच नाही.

माझ्या कर्जातले ५ लाख २५ हजार रुपये अजून बँकेकडे आहेत. 'बी' विंगचा चौथा स्लॅब टाकून झाल्यावर बिल्डरच्या कार्यालयातून त्या रकमेसाठी मागणीपत्र आले, सोबत पूर्वीसारखाच छापील अर्ज, तारीख कोरी. तो मी सही न करता, चौथ्या स्लॅबच्या फोटोसह तक्रारीच्या फाइलमध्ये लावला आहे.