एस्टिमेटचा फोटो आला, मी फक्त खालचा आकडा वाचला

सिंहगड रोडवरच्या आमच्या जुन्या फ्लॅटचं काम दिवाळीआधी उरकायचं होतं. काँट्रॅक्टर ओळखीतूनच मिळालेला. त्याने वहीच्या पानावर हाताने लिहिलेल्या एस्टिमेटचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. सात ओळी, एक सोडून प्रत्येक ओळीत काम, माप, दर आणि रक्कम, आणि तळाशी दोन रेघांमध्ये एकूण २,०८,७५० रुपये. मी तो आकडा पाहिला, ह्यांच्याशी बोलले आणि "मंजूर, सुरू करा" असं लिहून पाठवलं. माझी चूक झाली ती तिथेच.

काम वाईट झालं नाही, हेही सांगायला हवं. दोन लाख टप्प्याटप्प्याने दिले आणि ८,७५० शेवटच्या हप्त्याचे उरले. तेव्हा शेजारचे काका घर बघायला आले. पाटबंधारे खात्यात त्यांची उभी हयात बिलं तपासण्यात गेलेली. एस्टिमेटचा फोटो त्यांनी मोठा करून पाहिला आणि रंगकामाच्या ओळीवर बोट ठेवलं. १,८६० चौरस फूट, दर २८, रक्कम ५८,०२०.

"अगं, दर तीस रुपये असता तरी पंचावन्न हजार आठशेच झाले असते. अठ्ठावीसने अठ्ठावन्न हजार कसे होतील?"

कॅल्क्युलेटरवर ५२,०८० आले. दोन आणि आठ यांची अदलाबदल झाली होती, आणि तेवढ्याने ५,९४० रुपये वाढले होते.

मग काकांनी मला कागद घ्यायला लावला. फोटोतून फक्त माप आणि दर उतरवून घ्यायचे, त्याची रक्कम झाकून ठेवायची, आपला गुणाकार आपण करायचा आणि मगच त्याच्या आकड्याशी ताडून पाहायचं. आधी त्याचा आकडा पाहिला की डोळा तोच बरोबर मानून पुढे सरकतो, असं ते म्हणाले. जुन्या टाइल्स तोडणं २१० गुणिले ३५, म्हणजे ७,३५०. बरोबर. वॉटरप्रूफिंग ९६ गुणिले ८५, म्हणजे ८,१६०. तेही बरोबर. फरशीचे ५९,७४० आणि ओट्याच्या ग्रॅनाइटचे १६,३२० हेही जुळले. बाथरूमच्या भिंतीच्या टाइल्स मात्र १८४ चौरस फूट, दर ११५, म्हणजे २१,१६० व्हायला हवेत. फोटोत २९,१६० दिसत होते. देवनागरी १ आणि ९ घाईच्या हस्ताक्षरात सारखेच दिसतात, फोटो तिरका असला की आणखीच. पण २०० चौरस फूट धरले तरी २३,००० च होतात, तेव्हा तिथे नऊ असूच शकत नव्हता.

सातवी ओळ प्लंबिंगची होती. "एल.एस. १८,०००", म्हणजे ठोक रक्कम. माप नाही, दर नाही, त्यामुळे गुणायला काहीच नाही. किती पॉइंट आणि पॉइंटमागे किती, हे मी सुरुवातीलाच विचारायला हवं होतं. आता ते आकडे तसेच मान्य करावे लागले.

शेवटी बेरीज, आणि ती दोनदा करायची. आमच्या गुणाकारांची बेरीज १,८२,८१० आली. त्याच्याच रकमा, चुकीच्या धरूनही, १,९६,७५० होत होत्या. म्हणजे ओळींमध्ये १३,९४० जास्त, आणि त्यावर बेरजेत आणखी १२,०००, ज्यांना वर कुठलीच ओळ नव्हती. दुसरी बेरीज केली नसती तर हे बारा हजार कुठे शिरले ते कळलंच नसतं. एकूण फरक २५,९४० रुपये.

फोन केला. भिंतीच्या टाइल्सचा आकडा नऊच आहे म्हणाला. गुणाकार वाचून दाखवला तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही टोटल मंजूर केलीत ना? मेसेज आहे माझ्याकडे." बारा हजारांबद्दल विचारलं तर ती देखरेख आणि वाहतूक. ती पानावर कुठे आहे, याला उत्तर नाही. हे मुद्दाम केलं की घाईत झालं, मी सांगू शकत नाही. पण तिन्ही चुका त्याच्याच बाजूला झुकलेल्या होत्या.

काकांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. गुणाकार जुळला म्हणजे माप खरं असं नाही. रंगाच्या १,८६० फुटांत दारं-खिडक्या वजा केल्या होत्या का, हे टेप घेऊन भिंतीशी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. ते आम्ही केलं नव्हतं, आणि रंग झाल्यावर त्यावरून वाद घालायला जोरही उरला नव्हता.

आम्ही शेवटचे ८,७५० दिले नाहीत. तरी १७,१९० रुपये जास्तीचे गेलेच. पैसे देण्याआधी दहा मिनिटं कॅल्क्युलेटर घेऊन बसले असते तर गेले नसते. आता तो फोन उचलत नाही.