मंगळाची एकतर्फी दृष्टी : सात महिने वापरल्यावर

जूनमध्ये पेरणीच्या आधी पत्रिकेतली दृष्टी मोजणं सुरू केलं होतं, आता कापसाची वेचणी चालू आहे, म्हणजे बऱ्यापैकी वापरून झालं. झालं असं की गावातली एक मुलगी लय आवडत होती अन् तिकडून काहीच नाही, तर मित्र म्हणला गुण कायले मोजतो बे, कोणाची दृष्टी कोणावर पडते ते पाह्य.

गंमत अशी की सगळे ग्रह सातव्या घरी पाहतात, अन् ती दृष्टी परत येते, समोरचाही तुमच्याकडे पाहतोच. पण मंगळ चौथ्या अन् आठव्यालाही पाहतो, तिथून उलट शनी सोडला तर कोणी पाहत नाही. माझा मंगळ कर्केत (नीचेचा, वरून हेही). कर्क एक धरून मोजलं तर चौथी तूळ, तिथं तिचा शुक्र. आठवी कुंभ, तिथं तिचा चंद्र. म्हणजे माझा मंगळ तिच्या शुक्रालेही धरतो अन् चंद्रालेही. आता उलटं मोजा. तिचा शुक्र पाहतो मेषेले, चंद्र सिंहेले, दोन्ही घरं माझ्याकडे रिकामी. तिचा मंगळ वृषभेत, तो सिंह, वृश्चिक, धनूवर नजर ठेवतो, तिथंही माझं कोणी नाही. गुरू-शनी मी धरलेच नाही, शनी एका राशीत अडीच वर्षं बसतो, मग तर तिच्या वर्गातल्या सगळ्यांशीच माझं जुळलं असतं.

पहिल्याच महिन्यात एक घोळ झाला. अ‍ॅपनं तिचा शुक्र वृश्चिकेत दाखवला, चंद्र मीनेत, माझा मंगळ मात्र कर्केतच, अन् दृष्टी गायब! दोन दिवस मी खुशही होतो की चला, ग्रहाचं काही नाही, आपलंच डोकं फिरलंय. मंग समजलं की अ‍ॅप पाश्चात्त्य पद्धतीवर होतं, त्यात ग्रह साधारण २४ अंश पुढं दिसतात. सेटिंगमध्ये लाहिरी अयनांश केला तेव्हा जागेवर आले. बहुतेक ग्रह एकेक रास पुढं दिसले तर आधी हेच तपासा.

जन्मवेळेची बोंब वेगळीच. तिची आई माझ्या आईले म्हणे, कार्तिकी एकादशीच्या आदल्या रात्री, भजन चालू होतं तेव्हा. रास तेवढ्यावर निघते, पण लग्नरास दोनेक तासात बदलते, म्हणून माझा मंगळ तिच्या कोणत्या स्थानात पडतो हे मी पाहिलंच नाही. भजन रात्रभर चालते बावा.

आता खरं सांगतो. माझ्यापुरतं मोजमाप तंतोतंत बसलं, पण दादा-वहिनीची पत्रिका काढली तर तिथंही दृष्टी एकतर्फीच, फक्त दादाकडून, अन् बारा वर्षं झाली, सणावाराले वहिनी माहेरी गेली तरी चौथ्या दिवशी परत. वहिनीले सांगितलं तर म्हणे, तुमच्या दादाची नजर कायची, मीच हाक मारल्याबिगर तो जेवाले बी येत नाही.