दोन पीएमएस-५००३ आणि हॅम्पेल फिल्टर: काही महिन्यांच्या वापरानंतर

हवेतली धूळ मोजणारा पीएमएस-५००३ हा स्वस्त लेझर सेन्सर एकाच डब्यात दोन बसवून, मिनिटामिनिटाची नोंद ठेवून, पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत पुण्याच्या हवेत चालवला, तर त्यातून खरे उसळे आणि सेन्सरचा बिघाड वेगळे काढता येतात का? बऱ्याच अंशी येतात. पण त्याचं श्रेय वेगळे पडलेले आकडे टिपणाऱ्या हॅम्पेल फिल्टरपेक्षा दुसऱ्या सेन्सरला द्यायला हवं. एकच सेन्सर आणि कितीही हुशार गणित, यावर माझा भरवसा उरलेला नाही.

सुरुवात आकडा वाचण्यापासूनच करावी लागते. हा सेन्सर ९६०० बॉडला ३२ बाइटची फ्रेम पाठवतो. पहिले दोन बाइट `0x42 0x4D`, शेवटचे दोन चेकसम, म्हणजे आधीच्या ३० बाइटची बेरीज. नेटवर मिळणाऱ्या बऱ्याच स्केचमध्ये हा चेकसम तपासलेलाच नसतो. वायर लांब असेल किंवा बफर भरला असेल, तर एखादा बाइट गळतो आणि पुढची सगळी फ्रेम सरकते. मग पीएम २.५ चा ३७ हा आकडा ९४७२ होऊन येतो, कारण ३७ गुणिले २५६ म्हणजे ९४७२. कधी थेट १६९७३ दिसतो. तो प्रदूषणाचा आकडा नव्हेच, `0x424D` हे फ्रेमचं डोकंच मोजमाप म्हणून वाचलं गेलेलं असतं.

असा आकडा नुसता दिसला तर कुणीही ओळखेल. गडबड होते ती सरासरीत. सेकंदाला एक याप्रमाणे मिनिटाला ६० वाचनं घेतली, ५९ वेळा ३७ आणि एकदा ९४७२ आलं, तर मिनिटाची सरासरी १९४ निघते. दिवाळीत शोभेल असा हा आकडा आहे, आणि सरासरी साठवून मूळ वाचनं पुसली असतील तर तो खरा की खोटा हे नंतर कुणालाही सांगता येणार नाही. म्हणून चेकसम चुकलेली फ्रेम तिथेच टाकून द्यायची, मिनिटाला सरासरीऐवजी मध्यक घ्यायचा आणि जागा असेल तोवर मूळ वाचनंही ठेवायची. सेन्सर झोपवून उठवत असाल तर पहिली ३० सेकंद सोडून द्या. पंख्याचा वेग तोवर बसलेला नसतो.

आता फिल्टर. हॅम्पेलमध्ये प्रत्येक मिनिटाभोवती खिडकी धरून मध्यक काढतात, आणि मध्यकापासूनच्या अंतरांचाही मध्यक, म्हणजे मॅड, काढतात. तो १.४८२६ ने गुणला की प्रमाण विचलनाच्या तोलाचा आकडा मिळतो. मध्यकापासून त्याच्या तिपटीहून दूर गेलेल्या मिनिटावर खूण पडते. खाली `a` म्हणजे एका सेन्सरची मिनिटामिनिटाची पांडास मालिका.

```python
med = a.rolling(61, center=True).median()
mad = a.rolling(61, center=True).apply(
    lambda x: np.median(np.abs(x - np.median(x))), raw=True)
limit = 3 * np.maximum(1.4826 * mad, 3)
cand = (a - med).abs() > limit
```

`limit` च्या ओळीतला `np.maximum` विसरलात तर पावसाळा वाया जातो. सेन्सर फक्त पूर्णांक देतो. जुलैतल्या धुतलेल्या हवेत तासभर ४, ४, ५, ४ असंच चालतं, मॅड शून्य होतो आणि ४ चा ५ झाला तरी खूण पडते. तळाला ३ धरला की मध्यकापासून ९ मायक्रोग्रॅमपर्यंतच्या फरकाला फिल्टर हात लावत नाही.

हे दोन्ही सेन्सरवर वेगवेगळं चालवा, पण खूण पडलेल्या ओळी काढून टाकू नका. फिल्टर फक्त चौकशी कुणाची करायची ते सांगतो. निकाल दुसऱ्या सेन्सरकडे आहे. समजा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मध्यक ८० आहे आणि मॅड ६. मर्यादा साधारण २७, म्हणजे १०७ च्या वरचं सगळं संशयित. पहिल्या सेन्सरवर ४१२ आणि दुसऱ्यावर ३९५ आलं, तर फरक जेमतेम चार टक्के आहे. खाली कुणीतरी माळ लावली आहे. आकडा खरा, तो राहणार. पण पहिल्यावर ४१२, दुसऱ्यावर ८१ आणि पुढच्या मिनिटाला पहिला परत ७९ वर, तर तो बिघाड. बहुधा किडा आत शिरलेला असतो किंवा जाळ्याचा तंतू लेझरसमोर हललेला असतो. कोळी आतच बिऱ्हाड करून बसला तर तो सेन्सर दिवसेंदिवस चढाच राहतो.

फरक किती चालवून घ्यायचा? माहितीपत्रकात १०० पर्यंत ±१० मायक्रोग्रॅम आणि त्यावर ±१० टक्के असं दिलेलं आहे. नव्या जोडीला हे ठीक आहे. महिने उलटले की दोघांचं वय सारखं वाढत नाही, तेव्हा आठवड्याला दोघांच्या गुणोत्तराचा मध्यक काढून आधी तेवढी दुरुस्ती करावी आणि मग २० टक्क्यांची सूट द्यावी. गुणोत्तर १.३ च्या पुढे गेलं तर दुरुस्तीत वेळ न घालवता सेन्सर बदला.

आकाराकडेही बघा. खरा धूर चढतो आणि हळूहळू विरतो. जाळलेला कचरासुद्धा काही मिनिटांची शेपटी सोडून जातो. एकाच मिनिटाचा, दोन्ही बाजूंनी उभा कडा क्वचितच खरा असतो. उलट फटाक्यांचा तीन-चार तासांचा फुगवटा ६१ मिनिटांच्या खिडकीला दिसतच नाही, कारण तोवर मध्यकच वर गेलेला असतो. त्यामुळे ‘फिल्टरने दिवाळी पकडली नाही’ ही तक्रार फिल्टरची चूक नव्हे.

दोघे सहमत असूनही फसवतात, ही या जोडीची खरी उणीव. जानेवारीतल्या पहाटे ६ वाजता १६८ आणि १६०, आर्द्रता ९३ टक्के. दोघेही एकच सांगतात, पण कण पाणी पिऊन फुगलेले असतात आणि धुक्याचे थेंबही प्रकाश उधळतात. सेन्सर उधळलेला प्रकाश मोजतो, कणांचं कोरडं वजन नाही. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल तर त्या ओळींना ‘दमट’ अशी वेगळी खूण करावी. त्या बिघाडातही नकोत आणि खऱ्या उसळ्यातही. आर्द्रतेचा सेन्सर डब्याच्या आत ठेवलात तर मात्र तो कमी दाखवेल, कारण आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम असते. दोन्ही सेन्सर एकाच चार्जरवर असतील तर व्होल्टेज पडल्यावर दोघांचेही पंखे एकदमच मंदावतात. ५ व्होल्टचे वेगळे चार्जर दिले की ही सहमतीची फसवणूक जाते.

अडकलेला आकडा तर कुठलाच फिल्टर पकडत नाही, कारण त्यात उसळीच नसते. पीएम २.५ तासभर ६ राहू शकतो, पण ०.३ मायक्रॉनच्या वरच्या कणांची संख्या सतत हलत असते. तीच संख्या सलग दहा मिनिटं जशीच्या तशी आली तर प्रोग्राम जुनाच बफर पुन्हा पुन्हा वाचतो आहे असं समजून तो सगळा तुकडा बाद करावा.

बांधकामाची किंवा रस्त्याची जाड धूळ शोधायची असेल तर ही जोडी घेऊ नका. मोठे कण तिला नीट दिसत नाहीत, आणि पीएम १० चा आकडा बराचसा बारीक कणांवरून बेतलेला असतो. समोर डंपर रिकामा होत असताना दोन्ही सेन्सर एकमताने शांत राहू शकतात.