स्टॅटिक आयपीचे पैसे घेतले आणि सामायिक पत्ता दिला

तासगावजवळ आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे. मार्च-एप्रिलमध्ये शेतकऱ्यांचा माल आला की चेंबर भरतात आणि मग वर्षभर तापमान चार-पाच अंशांवर धरून ठेवायचं असतं. कंप्रेसर रात्री ट्रिप झाला आणि सकाळपर्यंत कुणाला कळलं नाही, तर नुकसान आमचं एकट्याचं नसतं, माल लोकांचा असतो. म्हणून चेंबरमध्ये तापमान नोंदवणारा लॉगर बसवला आहे. त्याचं पान घरून मोबाईलवर उघडता यावं, एवढ्यासाठी आम्हाला इंटरनेटचा कायमचा सार्वजनिक पत्ता, म्हणजे स्टॅटिक आयपी लागतो.

जुन्या कंपनीकडे तो होता, पण लाईन सारखी तुटायची, म्हणून गेल्या वर्षी दुसऱ्या कंपनीकडे गेलो. तिचा आमच्या भागातला फ्रँचायझीवाला स्वतः येऊन बसला. मी पहिल्यांदाच सांगितलं की स्टॅटिक आयपी पाहिजे, नाहीतर कनेक्शन नको. तो म्हणाला, "ताई, काळजीच करू नका. वर्षाचे अडीच हजार आणि जीएसटी." २,५०० वर १८ टक्के म्हणजे ४५०, असे २,९५० रुपये रोख दिले. त्याने हाताने लिहिलेली पावती दिली आणि पावतीवर पत्ताही लिहिला. खरा आकडा इथे देत नाही, समजण्यासाठी 203.0.113.45 धरा.

त्याच्या मुलाने फायबरच्या डब्याला आमचा राऊटर जोडला. राऊटरच्या पानावर कनेक्शनचा प्रकार `PPPoE` निवडला, नव्या कंपनीचं यूजरनेम आणि पासवर्ड टाकला आणि इंटरनेट सुरू झालं. मग त्याने माझ्याच फोनवर 'माझा आयपी काय' हे दाखवणारी वेबसाईट उघडली. आकडा आला 203.0.113.45. पावतीवरही तोच. मी समाधानाने चहा ठेवला.

याच तपासणीने मला फसवलं, म्हणून ती नीट सांगते. ती वेबसाईट आपल्या राऊटरला मिळालेला पत्ता दाखवत नाही. आपली मागणी ज्या पत्त्यावरून बाहेर पडली, तो पत्ता ती दाखवते. सार्वजनिक पत्ते कमी पडतात, त्यामुळे कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्याआड बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. सोसायटीच्या मोठ्या फाटकावरचा पत्ता सगळ्यांचा एकच असावा, तसं हे आहे. आतून बाहेर जायला काही अडचण येत नाही. बाहेरून आलेल्या माणसाला मात्र कुणाच्या दाराशी न्यायचं, हे फाटकाला ठाऊक नसतं. त्यामुळे यूट्यूब, बँक, व्हॉट्सॲप सगळं चालतं आणि बाहेरून लॉगर तेवढा उघडत नाही. फाटकाचा पत्ता सहसा लवकर बदलतही नाही. आठवड्याने पुन्हा वेबसाईट पाहिली तरी तोच आकडा दिसला, आणि 'स्टॅटिकच आहे' ही माझी खात्री आणखी पक्की झाली.

लॉगर घरून उघडेना. फोन केल्यावर मुलगा आला आणि त्याने लॉगरला 192.168.1.50 हा पत्ता कायमचा करून दिला. "आता स्टॅटिक झालं, वहिनी," म्हणत स्वतःच्या फोनवर लॉगर उघडूनही दाखवला. तेव्हा त्याचा फोन आमच्याच वायफायवर होता, हे मला फार उशिरा सुचलं. 192.168 ने सुरू होणारा आकडा फक्त आपल्या इमारतीच्या आतला असतो. पोर्ट फॉरवर्डिंगसाठी, म्हणजे बाहेरून आलेली मागणी राऊटरने लॉगरकडे वळवावी यासाठी, लॉगरचा आतला पत्ता पक्का करावाच लागतो, पण ते आपल्याच राऊटरमध्ये मिनिटभरात होतं आणि त्याला कंपनीचा एक पैसाही लागत नाही. त्या फेरीचे ३०० रुपये घेतले.

घरी आल्यावर पुन्हा तेच. दुसऱ्या फेरीला त्याने राऊटरकडे बोट दाखवलं. "हा राऊटर जुन्या कंपनीच्या वेळचा आहे. स्टॅटिक आयपी घेतच नाही." ही शुद्ध थाप होती. पीपीपीओईच्या कनेक्शनमध्ये स्टॅटिक पत्ता बहुतेक वेळा राऊटरमध्ये भरावाच लागत नाही. कंपनीच्या सर्व्हरवर आपल्या यूजरनेमपुढे तो लिहून ठेवलेला असतो, आणि लॉगिन झालं की राऊटरला आपोआप मिळतो. काही राऊटरमध्ये पीपीपीओईच्याच पानावर तो हाताने भरायची जागा असते, पण कंपनीच्या सर्व्हरवर तो आपल्या नावावर नसेल तर इथे भरून तो आपला होत नाही. कनेक्शनचा वेगळा `Static IP` हा प्रकार असतो, तो कंपनीने पत्ता, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस असं सगळं लिहून दिलं असेल तरच निवडायचा. यूजरनेमवर चालणाऱ्या लाईनला तो निवडला तर राऊटर लॉगिनच करत नाही आणि नेट बंद पडतं. म्हणजे पीपीपीओई करणाऱ्या कोणत्याही साध्या राऊटरवर हे काम होतं. हे तेव्हा मला माहीत नव्हतं. ३,४०० चा नवा राऊटर घेतला, आणि फेरीचे आणखी ३०० दिले.

नव्या राऊटरमध्ये माहिती भरताना मी यूजरनेम-पासवर्ड मागितला. "तो कंपनीचा असतो, ग्राहकाला देत नाही," असं उत्तर मिळालं. या वेळी मात्र मी हटून बसले. शेवटी त्याने कागदावर लिहून दिला. तो कागद हातात असणं महत्त्वाचं होतं, नाहीतर राऊटर रिसेट झाला की पुन्हा त्याच्याच दारात जावं लागलं असतं.

दिवाळीला पुण्याहून भाचा आला. त्याने फोनवरच्या वेबसाईटकडे पाहिलंही नाही. "मामी, राऊटरचं स्टेटसचं पान दाखव," म्हणाला. पान उघडलं तर असं होतं:

```
WAN Connection Type: PPPoE
WAN IP Address: 100.79.12.6
Subnet Mask: 255.255.255.255
```

"हा तुझा पत्ता," तो म्हणाला, "आणि पावतीवरचा फाटकाचा." 100.64 पासून 100.127 पर्यंतचे आकडे अशाच सामायिक जाळ्यासाठी राखून ठेवलेले आहेत. राऊटरच्या या जागी त्यातला आकडा दिसला, किंवा 10 ने, 192.168 ने अथवा 172.16 ते 172.31 ने सुरू होणारा दिसला, तर त्या राऊटरकडे सार्वजनिक पत्ता नाही. 192.168 दिसला तर मात्र लगेच कंपनीवर आरोप करू नका. फायबरचा डबा स्वतःच लॉगिन करून राऊटरसारखा चालत असेल तरी तसं दिसतं, आणि मग डबा ब्रिजवर, म्हणजे लॉगिन आपल्या राऊटरलाच करू देईल असा, करून घ्यावा लागतो किंवा त्याच्या पानावर पाहावं लागतं. आमचं तसं नव्हतं, लॉगिन आमचा राऊटरच करत होता. सार्वजनिक पत्ता खरोखर आपल्या लाईनवर असेल, तर स्टेटसच्या पानावरचा आकडा आणि वेबसाईटवरचा आकडा एकच येतो. फोनवर कधी लांबलचक, अक्षरं मिसळलेला आयपीव्ही-६ चा पत्ता दिसतो, तो या तुलनेत धरायचा नाही.

मला तरी पटेना, कारण पावतीवर पत्ता लिहिलेला होता. मग भाचा मला शेजारच्या मेडिकलमध्ये घेऊन गेला. त्यांच्याकडे याच कंपनीचं साधं घरगुती कनेक्शन आहे, स्टॅटिक आयपीचा एक रुपयाही त्यांनी भरलेला नाही. त्यांच्या वायफायवर तीच वेबसाईट उघडली. 203.0.113.45. मी वर्षाचं भाडं भरलेला 'माझा' पत्ता त्यांच्या काउंटरवर फुकट दिसत होता. त्या क्षणी मला जो संताप आला, तो अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी फ्रँचायझीवाल्याला सोडून थेट कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. त्यांनी खातं पाहून सांगितलं की तुमच्या नावावर स्टॅटिक आयपीची सेवा कधी सुरूच झालेली नाही. २,९५० रुपये मधल्यामध्ये राहिले होते. पावतीवर ना कंपनीचा जीएसटी क्रमांक होता, ना बिल क्रमांक. जीएसटीचे म्हणून जे ४५० दिले, तेही सरकारकडे गेलेले नव्हते. मी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेतला. हा क्रमांक नसेल तर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनलाही, म्हणजे १९१५ ला फोन करून हकीकत सांगितली. चार दिवसांत फ्रँचायझीवाल्याने २,९५० यूपीआयने परत पाठवले. "ताई, गैरसमज झाला," एवढंच बोलला. राऊटर परत घ्यायला आणि फेऱ्यांचे ६०० द्यायला तयार झाला नाही. असे ४,००० रुपये गेले ते गेलेच.

नंतर सेवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपवरून घेतली. बिल आलं, त्यावर पत्ता छापलेला होता. यूजरनेम-पासवर्ड तोच राहिला, राऊटरमध्ये काहीही बदललं नाही. सेवा सुरू झाल्याचा मेसेज आल्यावर राऊटर एकदा बंद करून चालू करावा लागला, कारण नवा पत्ता नव्या लॉगिनलाच मिळतो. स्टेटसच्या पानावर बिलावरचा आकडा आला. राऊटर पुन्हा दोनदा बंद-चालू केला तरी तोच राहिला. मग वायफाय बंद करून मोबाईल डेटावरून लॉगर उघडला, आणि उघडला. भाच्याने लॉगरचा एकच पोर्ट बाहेर उघडा ठेवला आणि त्याचा मूळ पासवर्ड बदलला. राऊटरमध्ये बाहेरून शिरायची सोयही त्या मुलाने चालू ठेवली होती, तीही बंद केली. यूजर आणि पासवर्ड दोन्ही `admin` होतं.

हे सगळं आता जुन्याच राऊटरवर चालू आहे. तो परत लावून पाहिला, त्यात काहीच खोट नव्हती. नवा कपाटात पडून आहे.

आमच्या रस्त्यावरच्या आणखी दोन स्टोरेजवाल्यांनी याच माणसाकडून स्टॅटिक आयपी घेतला आहे. कॅमेरे बाहेरून दिसत नाहीत म्हणून दोघांनी राऊटर बदललेले होते. परवा त्यांना फोन करून स्टेटसचं पान उघडायला लावलं. दोघांचाही आकडा 100 ने सुरू होत होता. त्यांच्या पावत्यांचे फोटो आणि तक्रारींचे क्रमांक मागवले आहेत, सोमवारी तिघांची तक्रार एकत्र अपील अधिकाऱ्याकडे जाईल.