व्हाइटबोर्डच्या फोटोवरून कामांची यादी: हाताने लिहावी, लेन्सने उचलावी की एआयकडून करून घ्यावी?

मीटिंग संपली की कोणीतरी बोर्डाचा फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. तो फोटो बहुतेक वेळा तिथेच राहतो. कोणी काय करायचं आणि कधीपर्यंत, अशी यादी त्यातून काढण्याचे आज तीन मार्ग आहेत. मीटिंगमधल्या एकाने ती टाइप करायची, गूगल लेन्ससारख्या सोयीने फोटोतला मजकूर उचलायचा, किंवा चित्र वाचणाऱ्या एआयला फोटो देऊन सरळ तक्ता मागायचा. कोणता मार्ग घ्यायचा हे बोर्डावर काय लिहिलंय त्यावर ठरतं, म्हणून आधी एक बोर्डच समोर ठेवू.

समजा, कळमेश्वरकडचं संत्र्याचं एक ग्रेडिंग-पॅकिंग युनिट आहे. आंबिया बहाराची आवक सुरू व्हायची आहे आणि गुरुवारी, 9 ऑक्टोबर 2025 ला, नागपूरच्या ऑफिसात बैठक झाली. बोर्डावर दोन रकाने आहेत. डावीकडे ‘ग्रेडिंग बेल्ट – सं. – शुक्र’, ‘क्रेट ४००’ आणि ‘वजनकाटा पासिंग’. उजवीकडे ‘कळमना गाळा भाडं – बोलणं झालं’, ‘कोल्ड स्टोरेज रेट – सं./वि. – दिवाळीआधी’ आणि ‘नवीन टेम्पो?’. मध्ये ‘राजूभाऊ’ लिहून त्याला गोल केलाय आणि त्यातून क्रेटकडे बाण गेलाय. ऑफिसात संजय आहे आणि संदीपही आहे.

लेन्सचं आधी आटोपतो, कारण या कामात ती सगळ्यात कमी उपयोगाची. छापील देवनागरी ती छान उचलते, मार्करचं घाईतलं अक्षर तितकं नाही. पण खरी अडचण अक्षराची नाहीच. तिच्या हाती फक्त शब्द लागतात, बाण लागत नाही. राजूभाऊ एकटाच कुठेतरी पडतो आणि क्रेटला धनी राहत नाही. रकाने जवळजवळ असले तर डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला चिकटते आणि ‘क्रेट ४०० कोल्ड स्टोरेज रेट’ असं काहीतरी तयार होतं. बोर्डावर एकाखाली एक, सुटसुटीत वाक्यं असतील तर चालेल. तसे बोर्ड मला तरी फार दिसत नाहीत.

एआयचं वेगळं आहे. बाण, गोल, खोडलेली ओळ, रकाने हे सगळं त्याला बऱ्यापैकी कळतं. काम, जबाबदार व्यक्ती, तारीख असा तक्ता मिनिटभरात मिळतो आणि दिसायला इतका नीटनेटका असतो की तपासावासाच वाटत नाही. धोका तिथेच आहे.

आपल्या बोर्डावर काय होऊ शकतं ते बघा. ‘वजनकाटा पासिंग’समोर कोणाचंच नाव नाही, पण तक्त्यात तो चौकोन रिकामा दिसतो म्हणून जवळचं नाव तिथे जाऊन बसू शकतं. ‘सं.’चा संजय होईल की संदीप, हे फोटोत कुठेच नाही. ‘शुक्र’ म्हणजे उद्याचा 10 की पुढचा 17? व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत काढल्याची मूळ तारीख सहसा उरत नाही, त्यामुळे बैठक कधी झाली हे सांगितल्याशिवाय कोणताही शुक्रवार अंदाजच ठरतो. ‘दिवाळीआधी’चं तर विचारूच नका. लक्ष्मीपूजन 21 ला, वसुबारस 17 ला. तक्त्यात 20 ऑक्टोबर आलं तर पंचांगाच्या हिशेबाने ते बरोबरही म्हणता येईल; पण युनिटमधली माणसं वसुबारसेच्या आधीच गावी निघणार असतील तर खरी तारीख 15 किंवा 16 आहे. ती फक्त बैठकीत बसलेल्यांना माहीत आहे.

आणि आकडे. आपण एकाच बोर्डावर मराठी आणि इंग्रजी अंक सहज मिसळतो. मार्करने लिहिलेला ४ हा 8 सारखा दिसतो, १ हा 9 सारखा. ‘क्रेट ४००’ची ‘क्रेट 800’ झाली तर ओळ वाचताना काहीच खटकत नाही, खटकतं ते बिल आल्यावर.

यातलं बरंचसं सूचनेतच आवरता येतं. फोटोसोबत बैठकीची तारीख आणि हजर असलेल्यांची पूर्ण नावं द्या. नाव किंवा तारीख बोर्डावर नसेल तर ‘ठरलेलं नाही’ असंच लिहायला सांगा. झालेल्या गोष्टी आणि प्रश्नचिन्हाच्या ओळी वेगळ्या मागा, नाहीतर ‘बोलणं झालं’ असलेला गाळा आणि नुसताच चर्चेतला टेम्पो ही दोन्ही कामं होऊन बसतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एक जादा रकाना मागा, ज्यात बोर्डावरची ओळ जशीच्या तशी असेल. तपासताना तोच रकाना फोटोशी ताडायचा. आकडे मात्र फोटोतच मोठे करून बघा, कारण चुकीचा वाचलेला आकडा त्या रकान्यातही चुकीचाच उतरतो.

तरी एक चूक यातून निसटते. चुकीची ओळ दिसते, गळलेली ओळ दिसत नाही. म्हणून तक्ता उघडण्याआधी बोर्डावरच्या ओळी मोजून ठेवा. आपल्याकडे सहा आहेत. कामं, झालेल्या गोष्टी आणि प्रश्नचिन्हाच्या ओळी मिळून सहा भरल्या नाहीत तर गळती कुठे आहे ते शोधा.

फोटो वाईट असेल तर कोणताच मार्ग वाचवत नाही. फ्लॅश बंद करा आणि ट्यूबलाइटची चकाकी अक्षरांवर येत असेल तर थोडं बाजूला सरका. मोठ्या बोर्डाचे दोन फोटो काढा, मधला भाग दोन्हींत येईल असे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जाणार नाही. पिवळ्या मार्करने लिहिणाऱ्याला मात्र हात जोडूनच सांगावं लागतं. बोर्डाच्या कोपऱ्यात व्यापाऱ्यांची नावं किंवा भाव असतील तर तेवढा भाग कापूनच फोटो बाहेरच्या सेवेला द्या.

राहिला हाताने टाइप करण्याचा मार्ग. ‘सं.’ कोण, हे त्या माणसाला विचारावं लागत नाही, आणि दिवाळीआधी म्हणजे कधी हेही. पण हे त्याच दिवशी, बैठकीत बसलेल्यानेच केलं तर. दोन दिवसांनी फोटो बघून लिहिणारा माणूसही रिकाम्या जागा अंदाजानेच भरतो, आणि अंदाज केल्याचं त्याच्या लक्षातही राहत नाही. न आलेल्या ऑपरेटरला फोटो देऊन ‘टाइप करून टाक रे भाऊ’ म्हणणं तर एआयपेक्षाही वाईट; त्याला खुलासा करणारी नावांची यादीसुद्धा आपण देत नाही.

माझा कल असा. दहाएक ओळींचा बोर्ड असेल तर एआयच्या भानगडीत पडूच नका. सगळे उठायच्या आधी बोर्डासमोर उभं राहून एकाने फोनवर टाइप करावं आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचावी. वजनकाट्याला नाव नाही हे तिथेच उघडं पडतं आणि कोणीतरी ‘मी बघतो’ म्हणतो. दोन-तीन बोर्ड भरले असतील, बाणांचं जाळं झालं असेल, किंवा तीच यादी बाहेरगावच्या लोकांना इंग्रजीतही द्यायची असेल तर एआयकडून कच्चा तक्ता घ्या. तो ग्रुपवर टाकण्याआधी बैठकीतल्या एकाने फोटोशी ताडून पाहावा आणि ‘ठरलेलं नाही’ असलेल्या ओळींसाठी फोन करावा. ‘सं./वि.’सारख्या जोडनावांचाही त्याच फोनवर निकाल लावा: कोल्ड स्टोरेजच्या रेटसमोर एकच नाव ठेवा, दुसरा मदतीला.