६०० वॅटचा म्हणून घेतलेला छोटा एसएमपीएस प्रत्यक्षात २६४ वॅटचा निघाला

साडेआठ लिटरचं छोटं कॅबिनेट घेऊन त्यात गेमिंग पीसी बसवायचा, असं ठरवलं तेव्हा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर मी महिनाभर वाचन केलं. एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मात्र अर्धा तासही घालवला नाही, आणि फसलो तो नेमका तिथेच. छोटं कॅबिनेट भरायच्या विचारात असाल, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

माझ्या कॅबिनेटमध्ये दोन आकारांचे एसएमपीएस बसतात. एक एसएफएक्स, म्हणजे १२५ बाय ६३.५ बाय १०० मिलिमीटर. दुसरा फ्लेक्स एटीएक्स, ८१.५ बाय ४०.५ बाय १५० मिलिमीटर, त्यासाठी वेगळी पट्टी लावावी लागते. नेहमीचा मोठा एटीएक्स घेतला तर त्याच्या निम्म्याहून कमी जागेत एसएफएक्स मावतो, आणि फ्लेक्स तर जेमतेम पाव जागा घेतो. फ्लेक्स लावला की पुढे कॅबिनेटचा एक पंखा बसतो आणि वायरी दाबून कोंबाव्या लागत नाहीत. मला तो पंखा हवा होता, म्हणून फ्लेक्सच घ्यायचं ठरवलं.

फ्लेक्समध्ये अडचण अशी की आपल्याकडे तो सहज मिळत नाही. ज्या कंपन्यांची नावं आपण ऐकलेली असतात, त्या बहुतेक एसएफएक्सपर्यंत थांबतात. एन्हान्स किंवा एफएसपी यांचे चांगले फ्लेक्स आहेत, पण ते बाहेरून मागवावे लागतात आणि महाग पडतात. योग्य भाव किती, हे कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे विकणारा सांगेल ती किंमत आणि सांगेल तो वॅट खरा मानला जातो.

मुंबईतल्या संगणक बाजारातल्या एका दुकानात मी विचारलं. दुकानदाराने काउंटरखालून खोका काढला. "दादा, हा मिनी आयटीएक्स एसएमपीएस. सहाशे वॅट, ब्राँझ. साईज छोटी म्हणून रेट जास्त, बाकी काही फरक नाही." किंमत ४,२०० रुपये. खरं तर मिनी आयटीएक्स हा मदरबोर्डचा आकार आहे, त्या नावाचा एसएमपीएसचा आकारच नाही. दुकानदार एसएफएक्स किंवा फ्लेक्स असं काही न म्हणता "आयटीएक्स एसएमपीएस" म्हणाला, तेव्हाच मी थांबायला हवं होतं. मी खोका उघडला, मापं जुळली म्हणून खूश झालो आणि पैसे दिले. बिलावर त्याने "एसएमपीएस मिनी, १ नग, ७ दिवस टेस्टिंग" एवढंच लिहिलं. ना मॉडेल, ना वॅट.

पहिले दहा दिवस सगळं छान चाललं, कारण ग्राफिक्स कार्ड अजून आलेलं नव्हतं. प्रोसेसर रायझन ५ ५६००जी, डिस्प्ले त्याच्यातूनच. पीसी कितीही राबवला तरी प्लगमध्ये लावलेल्या वॅट मीटरवर शंभराच्या आतच आकडा. एवढ्या लोडवर कुठलाही एसएमपीएस चालतो. सात दिवसांचं टेस्टिंग तेवढ्यात संपून गेलं.

अकराव्या दिवशी आरटीएक्स ३०६० बसवलं. या कार्डाची ठरलेली भूक १७० वॅटची, त्यासाठी ८ पिनची एक वायर लागते. एसएमपीएसला ती वायरच नव्हती. खोक्यात एक कन्व्हर्टर होता, एका बाजूला हार्ड डिस्कचा साटा प्लग आणि दुसऱ्या बाजूला ८ पिन. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, "तोच लावायचा, सगळे तोच लावतात."

गेम सुरू केला. मीटर ३१०-३२० वॅटवर गेला आणि वीसेक मिनिटांत पीसी धाडकन बंद पडला. निळी स्क्रीन नाही, रीस्टार्ट नाही, अगदी प्लग उपटल्यासारखा. बटण दाबलं तरी काही हलेना. मागचा स्विच बंद करून थोडं थांबलो, पुन्हा चालू केला तेव्हाच तो उठला. ही खूण लक्षात ठेवा. विंडोज किंवा ड्रायव्हर बिघडला तर स्क्रीन गोठते किंवा पीसी आपोआप पुन्हा सुरू होतो. स्विच बंद-चालू केल्याशिवाय उठतच नसेल, तर बहुतेक वेळा एसएमपीएसने जास्त लोडमुळे स्वतःला कुलूप लावून घेतलेलं असतं.

चार दिवस मी ड्रायव्हर बदलत बसलो. पाचव्या दिवशी गरम प्लास्टिकचा वास आला, म्हणून कॅबिनेट उघडलं. साटा प्लगचं पांढरं प्लास्टिक एका टोकाला तपकिरी होऊन फुगलं होतं, आणि तो ओढला तेव्हा आतल्या पिनेला चिकटून आला. साटा प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर. एकूण साडेचार अँपिअर म्हणजे ५४ वॅट. कार्ड थोडी वीज मदरबोर्डच्या स्लॉटमधून घेतं, तरी उरलेली शंभराहून जास्त वॅट त्या ५४ वॅटच्या प्लगमधून खेचली जात होती. आणखी काही दिवस तसंच चाललं असतं तर घरात आग लागू शकली असती. मुलगी त्याच खोलीत झोपते.

मग मी एसएमपीएस बाहेर काढला आणि त्याचं लेबल पहिल्यांदा नीट वाचलं. वर मोठ्या अक्षरात ६०० वॅट, बाजूला ८० प्लस ब्राँझचा, म्हणजे वीज कमी वाया जाते असं सांगणारा शिक्का. खाली बारीक अक्षरांच्या तक्त्यात: ३.३ व्होल्ट, २० अँपिअर. ५ व्होल्ट, २० अँपिअर. १२ व्होल्ट, २२ अँपिअर. हिशेब एवढाच की व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. ३.३ चे ६६, ५ चे १००, १२ चे २६४. तिन्हींची बेरीज ४३०. म्हणजे लेबल स्वतःच्या तक्त्यातही सहाशेपर्यंत पोहोचत नव्हतं. आणि आजच्या पीसीत प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवर चालतात, तेव्हा कामाची क्षमता २६४ वॅटच. मीटरवरचे ३१५ वॅट हे भिंतीतून येणारे. त्यातले वीसेक टक्के उष्णतेत गेले की आत अडीचशेच्या वर काहीतरी पोहोचतं. कार्डाची भूक मधूनच क्षणभर उसळते, तेव्हा २६४ ची सीमा ओलांडली जायची आणि पीसी बंद पडायचा. खोटं बोलला तो वरचा मोठा आकडा, खालचा तक्ता खरंच सांगत होता.

तुलनेसाठी कोर्सेअरच्या एसएफ४५० या एसएफएक्सचं लेबल बघा. त्यावर १२ व्होल्टला ३७.५ अँपिअर आहेत, म्हणजे बरोबर ४५० वॅट. चांगल्या एसएमपीएसवर १२ व्होल्टचा गुणाकार वरच्या आकड्याच्या जवळ येतो. सहाशे म्हणत असतील तर १२ व्होल्टला पन्नासच्या आसपास अँपिअर दिसायला हवेत. दुकानात उभ्या उभ्या मोबाईलवर होणारं हे काम मी केलं नाही.

बाकीचे शिक्केही तपासले. ८० प्लसच्या वेबसाइटवर प्रमाणित मॉडेलांची यादी आहे, त्यात हे मॉडेल नव्हतं. लेबलवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि R ने सुरू होणारा नंबर होता. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला तर दुसऱ्याच कंपनीचा मोबाईल चार्जर निघाला.

आणखी एक गोष्ट तेव्हा उलगडली. आमच्याकडे लाईट गेली की इन्व्हर्टर चालू व्हायला क्षणभर लागतो. जुना मोठा एसएमपीएस तेवढा धक्का सोसायचा, हा दर वेळी पीसी पाडायचा. जाळीतून टॉर्च मारला तर आतला मोठा कपॅसिटर दिसला, त्यावर १०० मायक्रोफॅरड. खऱ्या ६०० वॅटच्या एसएमपीएसमध्ये तो चारशेच्या आसपास असतो. वीज गेल्यावर काही मिलिसेकंद पीसी याच साठ्यावर तग धरतो. (जाळीतूनच बघा, एसएमपीएस उघडू नका. प्लग काढल्यानंतरही या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट राहू शकतात.)

फ्लेक्स हा आकारच वाईट, असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या मर्यादा खऱ्या आहेत आणि त्या चांगल्या कंपनीच्या फ्लेक्सलाही चुकत नाहीत. ४० मिलिमीटर उंचीत ४० मिलिमीटरचाच पंखा बसतो. उष्णता बाहेर फेकायला तो हजारो फेऱ्या मारतो आणि त्याची किणकिण रात्री शेजारच्या खोलीत ऐकू जाते. एसएफएक्समध्ये ८० किंवा ९२ मिलिमीटरचा पंखा येतो, आवाज पुष्कळ कमी. एसएफएक्स-एलमध्ये १२० चा पंखा मावतो, पण तो १३० मिलिमीटर खोल असतो. त्यापुढे वायरी वळायला आणखी जागा लागते, म्हणून लहान कॅबिनेटमध्ये कार्ड आणि वायरी एकमेकांना भिडतात. तेव्हा कॅबिनेटच्या कागदावर एसएफएक्स लिहिलं असेल तर एल बसेलच असं धरून चालू नका, पट्टीने मोजा.

दुकानदाराकडे परत गेलो. त्याने बिल दाखवलं. "यावर सहाशे कुठे लिहिलंय?" खरंच नव्हतं. जळलेल्या प्लगसाठी तो म्हणाला की कन्व्हर्टर तुम्हीच चुकीचा लावला. फोनवर त्यानेच सांगितलं होतं, पण रेकॉर्डिंग नव्हतं. १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला तक्रार नोंदवली, लेबलचा, प्लगचा आणि बिलाचा फोटो जोडला. तीन आठवड्यांनी दुकानाने २,००० रुपये परत केले. बाकीचे गेले. बिलावर मॉडेल आणि वॅट लिहून घेतले असते आणि पैसे रोखीने न देता कार्डाने दिले असते, तर माझी बाजू बरीच भक्कम राहिली असती.

आता ४५० वॅटचा एसएफएक्स बसवला आहे. कार्डाला त्याच्याच ८ पिनच्या वायरीने वीज जाते, मध्ये कन्व्हर्टर नाही. पुढचा पंखा काढावा लागला. त्यामुळे गेममध्ये कार्ड आता ७७-७८ अंशांपर्यंत तापतं, पूर्वी ते सत्तरीच्या खाली राहायचं. वायरी दाबून बसवताना बाजूचं झाकण दोनदा उघडलं आणि तिसऱ्यांदा लावलं. मीटरवर आजही ३०० च्या आसपासच आकडा येतो, आणि गेले पाच महिने पीसी एकदाही बंद पडलेला नाही.

लेबल वाचता येत नसेल किंवा दुकानदार फोटो काढू देत नसेल तर तो एसएमपीएस घेऊ नका. आणि साटापासून ८ पिन करणारा कन्व्हर्टर कुणाच्या पीसीत लावलेला असेल, तर आज रात्रीच काढा.