उताराचा तळ: सरासरी खोली की दोन तुकडे?

नागपुरातला 20 बाय 8 मीटरचा पोहण्याचा तलाव घ्या. पाणी एका टोकाला 1, दुसऱ्याला 2.5 मीटर. टोकांची सरासरी 1.75 धरली तर 280 घनमीटर पाणी. तळ सलग उतरत असेल तरच हे बरोबर.

इथे पहिले 12 मीटर तळ सपाट आहे, उतार शेवटच्या 8 मीटरांतच. तुकडे केले की 96 अधिक 112, म्हणजे 208 घनमीटर.

2 पीपीएम, म्हणजे घनमीटरमागे 2 ग्रॅम, क्लोरीन वाढवायला 65 टक्क्यांची पावडर 640 ग्रॅम पुरते. सरासरीने 860 पडते. पाणी फिरल्यावर टेस्ट किटवर वाढ 2.7 दिसली, तर हिशेब इथेच चुकलाय. मी तुकडेच करीन. मे महिन्यात पाणी झपाट्याने उडतं, म्हणून खोली काठापासून नव्हे, पाण्याच्या पातळीपासून मोजा.